कार्यासाठी कोकम सरबत : सिरपला पाणी किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही रत्नागिरीकडे घरच्या आवारात कोकमाचं गोड सिरप करतो. रातांबे पिकायला लागले की इकडे आमची धांदल आणि त्याच दिवसांत लग्नं-मुंजी, त्यामुळे "ताई, तीनशे माणसं आहेत, किती बाटल्या लागतील?" असे फोन दिवसभर चालू. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून ठेवलं. खालची मापं साखरेत मुरवलेल्या कोकमाच्या दाट, गाळलेल्या सिरपची आहेत. आगळ ही वेगळी वस्तू आहे, तिच्यासाठी प्रश्न ११ वाचल्याशिवाय हात लावू नका.

१. बाटलीवर "१:५" लिहिलंय. म्हणजे नक्की काय करायचं?

एक माप सिरप आणि पाच मापं पाणी. सरबत तयार होतं सहा मापं. पाच नव्हे, सहा.

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. "एकास पाच" हे ऐकणाऱ्याच्या डोक्यात "पाचात एक" होऊन बसतं. तीस लिटरचं पिंप भरायचं असलं की माणूस तीसला पाचाने भागतो, सहा लिटर सिरप ओततो आणि वरून पाणी भरतो. झालं ते १:४. सिरप लागलं असतं पाच लिटर. एक लिटर जास्त गेलं, आणि सरबत इतकं गोड झालं की लोक अर्धा ग्लास टाकून पाणी मागायला लागले. भागायचं ते नेहमी सहाने.

२. माप लिटरचं धरायचं की किलोचं?

लिटरचं. सिरप पाण्यापेक्षा बरंच जड असतं, एका लिटरचं वजन साधारण एक किलो तीनशे ग्रॅम भरतं. उलट बघितलं तर "५ किलो" लिहिलेल्या कॅनमध्ये सिरप असतं जेमतेम ३.८ लिटर. तो कॅन पाच लिटरचा समजून त्यात पंचवीस लिटर पाणी घातलं तर प्रमाण जातं १:६.६ च्या आसपास, म्हणजे सरळ पाणचट. मग फोन येतो की यंदा तुमचं सिरप पातळ आहे. कॅनवर किलो आहे की लिटर, तेवढं आधी वाचून घ्या. किलो असेल तर त्या आकड्याला १.३ ने भागलं की लिटर मिळतात.

३. तीनशे माणसांना किती सिरप लागेल?

परवाच एकांशी फोनवर केलेला हिशोब जसाच्या तसा देते. मे महिना, सकाळचा मुहूर्त, आल्या आल्या स्वागताला सरबत, जेवणात वेगळं ताक.

कागदी ग्लास २०० मिलीचा होता. तो काठोकाठ कोणी भरत नाही, ट्रेमधून नेताना सांडतो, म्हणून दीडशे मिली धरले. उन्हातून आलेल्यांपैकी निम्मे लोक दुसरा ग्लास घेतात. तीनशे अधिक दीडशे, म्हणजे साडेचारशे ग्लास. साडेचारशे गुणिले दीडशे मिली म्हणजे साडेसदुसष्ट लिटर सरबत. सहाने भागलं की सव्वाअकरा लिटर सिरप. आमची बाटली ७५० मिलीची, तिच्या सोळा बाटल्या म्हणजे बरोबर बारा लिटर होतात, तेवढ्या घ्यायला सांगितल्या. बारा लिटर सिरपचं ७२ लिटर सरबत, म्हणजे ४८० ग्लास. वरचे तीस ग्लास वाढपी, बँडवाले आणि सांडलवंड यांना.

सोळाच्या सोळा बाटल्या सकाळी एकदम फोडू नका, असंही सांगितलं. आधी अकरा फोडायच्या, बाकीच्या वऱ्हाड पोचल्यावर. बंद बाटली परत घरी नेता येते, कालवलेलं सरबत नाही (प्रश्न १५).

संध्याकाळचं रिसेप्शन असेल तर दुसरा ग्लास घेणारे फारच कमी, तिथे माणशी एक ग्लास आणि वर दहा टक्के पुरे. पावसाळ्यात आणि थंडीत कार्य असेल तर माझं मत विचाराल तर सरबत ठेवूच नका.

४. प्रत्येक जगात वेगळं करायचं की पिंपात एकदम?

पन्नासच्या वर माणसं असतील तर पिंपात. प्रत्येक जग वेगळा कालवला की वाढणाऱ्या प्रत्येकाच्या हाताचं माप वेगळं पडतं, आणि एकाच पंक्तीत शेजारीशेजारी बसलेल्यांना दोन चवी मिळतात. तोटीचं स्टीलचं पिंप घ्या, त्यात एकाच माणसाने कालवायचं, जग फक्त तोटीखाली धरून भरायचे. दोन लिटरच्या जगात न सांडता १.८ लिटर मावतं, त्याचे बारा ग्लास होतात. वरच्या ४८० ग्लासांना जग चाळीस वेळा भरावा लागेल. सहा जग फिरते ठेवले की कोणी ताटकळत नाही.

हळदीकुंकू किंवा वाढदिवसासारखा छोटा समारंभ असेल तर जगातच करा. दोन लिटरच्या जगाला ३०० मिली सिरप, दीड लिटर पाणी. एक लिटरच्या जगाला १५० मिली सिरप आणि ७५० मिली पाणी.

५. कार्यालयात मापाचं भांडंच नाही. आता?

लागत नाही. प्रमाण म्हणजे भागांचा हिशोब, भाग कशानेही मोजा. वाटी, तांब्या, बादली काहीही चालेल, फक्त सिरप ज्याने मोजलं त्यानेच पाणी मोजा आणि दोन्ही वेळा सारखंच भरा. सिरपचा तांब्या गळ्यापर्यंत आणि पाण्याचा काठोकाठ, असं करू नका.

सगळ्यात सोपं माप म्हणजे सिरपची रिकामी बाटली. सिरप ओतलं, मग त्याच बाटलीने पाच वेळा पाणी. बाटलीच्या आत चिकटलेलं सिरपही त्यात धुऊन निघतं, आणि ते बरंच असतं. सोळा बाटल्या नुसत्या उलट्या करून टाकून दिल्या तर एक-दोन जगांचा माल कचऱ्यात जातो.

६. जगाच्या वर फिकं आणि तळाला गडद-गोड का होतं?

सिरप जड म्हणून तळाशी बसतं आणि पाणी वर तरंगतं. पिंपात आधी सिरप ओतून वरून नळ सोडला की वाटतं पाण्याच्या जोराने मिसळलं असेल. मिसळत नाही. तोटी तळाशी असते, त्यामुळे पहिले दहा जग पाक आणि शेवटचे दहा जग गुलाबी पाणी.

आधी सिरपमध्ये सिरपइतकंच पाणी घालून चांगलं ढवळा. ते सैल झालं की उरलेलं पाणी सहज मिळून येतं. लांब दांड्याच्या ओगराळ्याने तळ खरवडल्यासारखं ढवळा, वरवर गोल फिरवून काही होत नाही. तोटीच्या नळीत पहिल्यांदा नुसतं दाट सिरप अडकलेलं असतं, म्हणून पहिला जग काढून परत पिंपात ओता. एकदा नीट मिसळलेलं सिरप पुन्हा वेगळं होत नाही. नंतर खाली बसते ती जिरेपूड आणि कोकमाचा बारीक गर, त्यासाठी जग भरताना दर वेळी एकदा ढवळलं की झालं.

७. बर्फ घातल्यावर सरबत पाणचट होतं. मग प्रमाणच दाट ठेवायचं का?

हो, पण अंदाजाने नाही. बर्फ हे पाणीच आहे, फक्त उशिरा येणारं. ते पाच मापांच्या आत धरायचं.

एक लिटर सिरप आणि पाच लिटर पाणी, असं सहा लिटर सरबत तुम्ही बरोबर केलंत. मे महिन्यात त्याचं तापमान तीस अंश असतं. ते प्यायला बरं वाटेल इतकं, म्हणजे दहा अंशांपर्यंत आणायला सुमारे एक किलो तीनशे ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. सहा लिटरचं झालं सात लिटर तीनशे मिली आणि १:५ चं झालं १:६.३. सकाळी चाखलं तेव्हा छान होतं, मांडवात पाणचट कसं झालं, याचं उत्तर एवढंच.

म्हणून आमचं कार्याचं माप असं असतं : एक लिटर सिरप, चार लिटर पाणी, एक किलो बर्फ. बर्फ वितळला की प्रमाण १:५ वर येऊन थांबतं आणि सरबत दहा-बारा अंशांवर येतं. प्रश्न ३ मधल्या बारा लिटर सिरपला अठ्ठेचाळीस लिटर पाणी आणि बारा किलो बर्फ. गच्चीवरच्या टाकीचं तापलेलं पाणी असेल तर बर्फ सिरपच्या लिटरमागे सव्वा किलोपर्यंत जातो, तेवढं पाणी कमी करा.

यात अट एकच, बर्फ फोडून घाला आणि वितळल्यावर वाढा. मोठी लादी पिंपात तरंगत ठेवली तर सुरुवातीचे जग दाट, शेवटचे पातळ. वाढणाऱ्यांनी पुन्हा ग्लासात खडे टाकायचे नाहीत. तशी हौसच असेल तर पिंपात सिरपच्या लिटरमागे पाणी साडेतीन लिटरच घ्या.

बर्फ खाण्याचा आहे ना, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा. महाराष्ट्रात २०१८ पासून न खाण्याच्या बर्फाला निळा रंग द्यायचा नियम आहे. निळसर लादी आली तर ती पिंपाच्या बाहेरून लावायला वापरा, आत नाही.

८. बर्फाऐवजी थंड पाण्याचे जार मागवले तर?

मला विचाराल तर हेच उत्तम. पाणी आधीच थंड, वितळण्याचा हिशोब नाही, सरळ एकास पाच. बारा लिटर सिरपला साठ लिटर पाणी, म्हणजे वीस लिटरचे तीन जार. पण "वीस लिटरचा" जार गळ्याशी रिकामा असतो, कधी अठराच लिटर निघतात. तीन जारांत सहा लिटरचा फरक पडला तर सरबत १:४.५ होतं. त्यामुळे पहिला जार मोजून रिकामा करा, मग बाकीचे तसेच धरा. एक जार जास्त मागवा, प्यायला कामाला येतोच.

सिरपच्या बाटल्या आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवल्या तर आणखी बरं. मात्र थंड सिरप जास्त घट्ट होतं, ते सैल करायला ढवळावं लागतं.

९. चव बरोबर आहे हे कसं ओळखायचं? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

दहा जणांना चाखायला देऊ नका. घरातली एक आत्या म्हणते गोड झालंय, दुसरी म्हणते पाणी जास्त झालंय, आणि आचारी दोघींना हो म्हणून साखर घालतो.

नमुन्याचा ग्लास करा. दोन मोठे चमचे सिरप, त्याच चमच्याने दहा चमचे थंड पाणी, नीट ढवळून बाजूला झाकून ठेवा. पिंपातलं सरबत या नमुन्यासारखं लागलं पाहिजे, एवढीच परीक्षा. दोन्ही सारखेच थंड असताना चाखा, कारण थंड झालं की गोडी जिभेला कमी लागते. कोमट सरबत चाखून "बेताचं गोड" ठरवलंत तर थंड झाल्यावर ते फिकं लागणार. बर्फ घालायच्या आधी चाखत असाल तर किंचित जास्त गोड लागलं पाहिजे.

आमच्याकडे गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर असतो. ६५ ब्रिक्सचं सिरप १:५ केलं की तो साडेतेराच्या आसपास दाखवतो. कार्यालयात त्याची गरज नाही. रंगावर मात्र अजिबात जाऊ नका, कोकमाचा रंग झाडागणिक आणि वर्षागणिक बदलतो (पाण्यामुळेही बदलतो, प्रश्न १३).

१०. पिंपभर सरबत चुकलं. आता दुरुस्त कसं करू?

किती ओतलं हे आठवत असेल तर पाच मिनिटांचं काम.

पातळ झालं असेल तर जितकं पाणी पडलंय त्याला पाचाने भागा, तेवढं सिरप हवं होतं. छत्तीस लिटरच्या पिंपात चार लिटर सिरप आणि बत्तीस लिटर पाणी गेलं, तर बत्तीस भागिले पाच म्हणजे ६.४. चार पडलंय, २.४ लिटर आणखी घाला. नुसती साखर घालून गोडी आणू नका, आंबटपणा आणि वास पातळच राहतो आणि गोड पाणी प्यायल्यासारखं वाटतं. सिरप संपलंच असेल तर साखर पाण्यात विरघळवून घाला आणि बरोबर लिंबू पिळा. ते कोकम सरबत राहत नाही, पण प्यायला जातं.

दाट झालं असेल तर सिरपला पाचाने गुणा, तेवढं पाणी हवं. नऊ लिटर सिरप, सत्तावीस लिटर पाणी पडलंय. हवं पंचेचाळीस, म्हणजे अठरा लिटर आणखी. ते पिंपात मावणार नाही, म्हणून निम्मं दुसऱ्या भांड्यात काढून दोन्हीत नऊ-नऊ लिटर घाला. दाट चुकणं त्यातल्या त्यात स्वस्त, पाणी कुठेही मिळतं.

किती ओतलं हेच कोणाला माहीत नसेल, आणि बहुतेक वेळा असंच असतं, तर पिंपातून २०० मिलीचा ग्लास भरून घ्या. त्यात दोन-दोन लहान चमचे, म्हणजे दहा मिली सिरप घालत नमुन्याशी चव जुळवा. दहा मिलीत जुळलं तर छत्तीस लिटरच्या पिंपाला १.८ लिटर लागेल, कारण त्यात असे एकशे ऐंशी ग्लास आहेत.

११. घरात आगळ आहे. तेही असंच एकास पाच?

नाही, नाही आणि नाही. आगळ म्हणजे मिठात मुरवलेला कोकमाचा रस, सोलकढीला लागतो तो. त्यात साखर नसते आणि मीठ भरपूर असतं.

माझ्या भाच्याच्या मुंजीत हे झालेलं आहे. माळ्यावर दोन पांढरे कॅन शेजारी होते, एकात सिरप, एकात आगळ, दोन्हींचा रंग तोच. पोरांनी आगळाचा कॅन पिंपात रिकामा केला, मोजून पाचपट पाणी घातलं, मन लावून ढवळलं. पहिला ग्लास भटजींना दिला. त्यांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि अतिशय शांतपणे विचारलं, "सोलकढीत नारळ घालायचा राहिला का?" समुद्राचं पाणी परवडलं असतं. तेव्हापासून आगळाच्या कॅनच्या झाकणाला आम्ही लाल सुतळी बांधतो. ओतण्याआधी बोटावर थेंब घेऊन चाखलं तरी कळतं, पण ते कोणी करत नाही.

आगळाचं सरबत करायचंच असेल तर लिटरभर पाण्याला तीस मिलीपासून सुरू करा, साखर शंभर-सव्वाशे ग्रॅम विरघळवून घ्या आणि चाखत पुढे जा. मीठ घराघराच्या आगळात वेगळं असतं, त्यामुळे छापील प्रमाण सांगता येत नाही. वरून मीठ चिमूटभरही नको.

१२. आईने घरी बरणीत केलेलं सिरप आहे. त्याला किती पाणी?

१:५ धरून चालू नका. घरी फोडी आणि साखरेचे थर लावून बरणी उन्हात ठेवतात. साखर विरघळून पहिल्यांदा निथळतं ते सिरप दाट, नंतर त्याच फोडींना पुन्हा साखर लावून काढलेलं पातळ आणि कमी आंबट. साखर कोणी फोडींच्या दीडपट घालतं, कोणी दुप्पट. अशी सिरपं मी १:३ पासून १:५ पर्यंत सगळी पाहिली आहेत.

सगळ्या बरण्या आधी एका मोठ्या पातेल्यात एकत्र करून ढवळा, नाहीतर बरणीगणिक चव बदलेल. मग तीन ग्लास करा, १:३, १:४ आणि १:५ चे, थंड पाण्यात. जो आवडला ते प्रमाण, आणि प्रश्न ३ मधल्या हिशोबात सहाच्या जागी तो आकडा अधिक एक. १:३ निघालं तर साडेसदुसष्ट लिटरला जवळजवळ सतरा लिटर सिरप लागेल. हे कार्याच्या आठवडाभर आधी करा.

१३. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. सरबताचा रंग जांभळट-मळकट आला. सिरप खराब आहे का?

सिरप नाही, पाणी. कोकमाचा लाल रंग आंबटपणावर टिकून असतो. बोअरच्या जड, क्षारयुक्त पाण्याने आंबटपणा थोडा मारला जातो, रंग निळसर छटेकडे सरकतो आणि चवही सपाट होते. ग्लासभर सरबतात थोडा लिंबाचा रस घालून बघा, लाली परत आली तर कारण हेच. जाराचं किंवा गाळलेलं गोडं पाणी वापरा.

भांडं स्टीलचं किंवा खाण्याच्या प्लॅस्टिकचं. ॲल्युमिनियमची टोपं आणि कल्हई उडालेली पितळी पातेली नकोत, आंबट आणि मीठ दोन्ही त्यांना खातात आणि सरबताला धातूची चव येते.

१४. मीठ आणि जिरं किती घालायचं? पिंपात की जगात?

आधी लेबल वाचा, बऱ्याच सिरपांत दोन्ही असतं. नसेल तर तयार सरबताच्या लिटरला दोन ग्रॅम मीठ आणि एक ग्रॅम भाजलेल्या जिऱ्याची पूड. ७२ लिटरला साधारण १४५ ग्रॅम मीठ आणि ७० ग्रॅम जिरेपूड. ऐकायला जास्त वाटतं, पण ग्लासाला ती चिमूटच येते. मीठ थोड्या पाण्यात विरघळवून पिंपात घाला. जिरेपूड मात्र जगात, भरताना. पिंपात घातली की तळाला बसते आणि तोटीत अडकते. पादेलोण वापरणार असाल तर मिठाच्या निम्मंच, त्याचा वास बंद पिंपात चढतो.

सब्जा घालणारे तो वेगळ्या पाण्यात भिजवून, निथळून घाला. कोरडा टाकला तर तो सरबतातलंच पाणी पितो आणि सरबत दाट होतं.

१५. कालवलेलं सरबत किती वेळ टिकतं? आदल्या रात्री करून ठेवू का?

नको. सिरप टिकतं ते साखरेच्या दाटपणावर. सहापट केलं की तो दाटपणा गेला, बाटलीवर लिहिलेली मुदतही गेली. मे महिन्यात मांडवात दोन-तीन तासांत संपेल इतकंच एका खेपेला करा. आंबूस वास आला किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसले तर सगळं ओतून द्या, नवीन सरबत त्यात मिसळू नका.

आदल्या रात्री करता येण्यासारखं काम एवढंच : बाटल्या थंड करणं, मीठ-जिरं मोजून पुड्या बांधणं आणि पिंप धुऊन उपडं ठेवणं.

१६. मधुमेह असलेल्यांसाठी जास्त पाणी घातलेला जग ठेवला तर चालेल का?

त्याने फारसं साधत नाही. १:५ च्या दीडशे मिली ग्लासात साधारण एकवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे. १:७ केलंत तरी सोळा ग्रॅम उरते आणि चव जाते ती वेगळीच. त्यांच्यासाठी आमसुलं दोन तास पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून, सैंधव-जिरं घातलेलं बिनसाखरेचं सरबत करा. लिटरला दहा-बारा आमसुलं पुरतात. त्या जगाच्या दांड्याला चिठ्ठी बांधा, कारण रंग दोन्हींचा एकच असतो.

१७. हेच प्रमाण पन्ह्याला आणि लिंबाच्या सिरपला चालेल?

लिंबाचं दाट सिरप साधारण याच मापात बसतं, तरी नमुन्याचा ग्लास करून बघा. पन्ह्याला नाही. पन्ह्याचा गर म्हणजे कैरीचा लगदा आणि गूळ, तो कोणी किती घोटलाय त्यावर सगळं. तिथे प्रश्न १२ सारखे तीन ग्लास करणं हाच मार्ग. गर तोटीतही अडकतो, म्हणून पन्हं पिंपात न ठेवता पातेल्यातून ओगराळ्याने जगात भरा.

सोडा घालून कोकम हवं असेल तर पिंपात करूच नका. जगात तीनशे मिली सिरप, तेवढंच थंड पाणी घालून सैल करा आणि बाकीचे बाराशे मिली सोडा जग बाहेर नेताना कडेने सोडा. दहा मिनिटांत बुडबुडे जातात.